ऐंशी टनाचं व्हॅम, ऐंशी टनाचा टॉवर आणि वडोदऱ्याचा जुलै

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यातून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. बोलत होते तिथले युटिलिटीचे इनचार्ज. अख्खा कारखाना त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. म्हणाले, "साहेब, फेब्रुवारीत बसवलेलं व्हॅम मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत मस्त चाललं. आता बाहेर बत्तीस आहे, पाऊस पडतोय, आणि आता ते दमलंय. हे उलटं कसं?"

खरं तर या प्रश्नातच उत्तर होतं, पण ते आकड्यांत मांडायला मला दोन दिवस लागले.

आधी मांडणी सांगतो. व्हॅम म्हणजे विजेऐवजी उष्णतेवर पाणी गार करणारं यंत्र. कारखान्यात नैसर्गिक वायूवर चालणारं एक मेगावॅटचं इंजिन-जनरेटर आहे. इंजिनाच्या जॅकेटमधून साधारण ९२ अंशांचं पाणी बाहेर येतं आणि ते ८२ पर्यंत थंड करून परत द्यावं लागतं. पूर्वी हे काम रेडिएटर करायचा, म्हणजे ती सगळी उष्णता पंख्याने हवेत जायची. मोल्ड थंड ठेवायला ८० टनाचा विजेवरचा चिलर होता, आणि त्याला गच्चीवर ८० टनाचा कूलिंग टॉवर. जॅकेटची फुकट उष्णता वापरून गारवा तयार करायचा आणि विजेचा चिलर स्टँडबायला ठेवायचा, असा बेत ठरला. एवढ्या तापमानाच्या पाण्यावर चालणारं यंत्र म्हणजे सिंगल इफेक्ट व्हॅम, लिथियम ब्रोमाइड आणि पाण्याच्या जोडीवर चालणारं. डबल इफेक्टला वाफ किंवा बरंच जास्त गरम पाणी लागतं, त्यामुळे तो पर्याय इथे नव्हताच.

व्हॅमची निवड करताना एक गोष्ट भाऊंनी अगदी बरोबर केली होती. पहिलं कोटेशन १०५ टनाचं आलं होतं. इंजिन पूर्ण भारावर असताना जॅकेटमधून साधारण ५२० किलोवॅट उष्णता मिळते, तिला ०.७ या सीओपीने, म्हणजे दिलेल्या उष्णतेमागे मिळणाऱ्या गारव्याच्या प्रमाणाने, गुणलं की ३६४ किलोवॅट, म्हणजे १०४ टनाच्या आसपास, असा तो हिशेब. पण हे इंजिन वर्षभर सरासरी तीन चतुर्थांश भारावर चालतं. भाऊंनी महिनाभर जॅकेटच्या लाइनवर प्रवाह आणि दोन्ही टोकांचं तापमान लिहून काढलं, तेव्हा हाती भरवशाचे ४०० किलोवॅटच लागले. ४०० गुणिले ०.७ म्हणजे २८०, म्हणजेच ८० टन. त्यांनी ८० टनाचंच मशीन घेतलं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

चूक झाली ती पुढच्या वाक्यात. जुना चिलर ८० टनाचा, नवं व्हॅम ८० टनाचं, आणि टॉवर आहेच ८० टनाचा. मग टॉवरला हात कशाला लावायचा? व्हॅमवाल्याच्या कागदात थंड पाण्याची गरज लिहिलेली होती: ताशी १०६ घनमीटर, ३२ अंशांचं आत आणि ३७.५ चं बाहेर. पण ती ओळ 'ग्राहकाच्या कक्षेत' या शीर्षकाखाली होती, आणि त्या शीर्षकाखालचं कोणी मन लावून वाचत नाही. नवा मोठा पंप तेवढा घेतला. टॉवर जुना राहिला आणि पाइपही जुनाच, चार इंची.

मी गेलो तेव्हा भाऊंच्या डोक्यात तीन संशयित होते: मशीनमध्ये हवा शिरली असेल, ट्यूबवर खार बसला असेल, किंवा पावसाळ्यात इंजिन कमी उष्णता देत असेल. तिन्ही संशय रास्त होते. व्हॅम आतून जवळजवळ निर्वात असतं. पाच-सहा अंशांवर पाणी उकळायला आतला दाब पाऱ्याच्या फक्त सहा-सात मिलिमीटर लागतो, त्यामुळे थोडी हवा शिरली तरी शोषण मंदावतं.

पण घोडं कुठे पेंड खातंय, ते शेडच्या मागे गेल्यावर लगेच कळलं. रेडिएटरचा पंखा फिरत होता.

या मांडणीत रेडिएटर व्हॅमच्या पुढे, मालिकेत आहे. व्हॅम जेवढी उष्णता घेत नाही तेवढी तो टाकतो, म्हणजे इंजिनाला परत जाणारं पाणी ८२ च्या वर जात नाही. मशीन पूर्ण चालत असेल तर या पंख्याला कामच नसायला हवं. तो फिरतोय याचा अर्थ उष्णता आहे, पण मशीन ती घेत नाहीये. इंजिनावरचा संशय तिथेच मिटला. ट्यूबचा प्रश्नही फार लांबवावा लागला नाही: कंडेन्सरमधलं तापमान आणि बाहेर पडणारं कूलिंग वॉटर यांतला फरक चालू करतानाच्या नोंदीइतकाच होता. आत शिरलेली हवा जिथे जमते त्या पर्ज टाकीचा दाबही रोजच्यासारखाच वाढत होता, म्हणजे हवा शिरल्याची खूण नाही.

मग आम्ही तिन्ही पाण्यांची मोजणी एकाच वेळी केली. हे मी प्रत्येक व्हॅमवर करतो, कारण या यंत्रात एक साधा ताळा असतो: व्हॅमच्या जनरेटरमध्ये, म्हणजे गरम पाण्याने द्रावणातून पाणी सोडवणाऱ्या भागात, गेलेली उष्णता आणि चिल्ड वॉटरमधून काढलेली उष्णता, दोन्ही मिळून टॉवरकडे जातात. तिसरी वाट नाही. बेरीज जुळली नाही तर यंत्राआधी मोजमाप तपासायचं.

त्या दुपारचे आकडे असे. गरम पाणी ताशी ३५ घनमीटर आणि फरक ८.१ अंश, म्हणजे ३२० किलोवॅट आत. चिल्ड वॉटर ताशी ४८ घनमीटर. सेटपॉइंट ७ चा, पण बाहेर येत होतं ९ अंशांनी आणि परत जात होतं १३ ने, म्हणजे २२४ किलोवॅट. बेरीज ५४४. कूलिंग वॉटरचा प्रवाह ताशी ९० घनमीटर आणि फरक ५.२ अंश, म्हणजे ५४३. एवढं जुळलं म्हटल्यावर मीटरांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

म्हणजे २८० ऐवजी २२४. ऐंशी टनाचं मशीन चौसष्ट टनावर आलं होतं. आणि कूलिंग वॉटर आत येत होतं ३२ ने नव्हे, ३४.५ ने.

मग आम्ही गच्चीवर गेलो. थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून गरगर फिरवायचं जुनं साधन माझ्या पिशवीत असतं. त्यावर येतं ते वेट बल्ब तापमान, आणि टॉवरमधलं पाणी त्याच्या खाली जाऊ शकत नाही. वेट बल्ब २७.५ आला. टॉवरमधून खाली पडणारं पाणी ३४.५. फरक ७ अंशांचा, जिथे तो ४ च्या जवळपास हवा होता. वरच्या तबकातून पाणी कडेने उतू जात होतं, कारण ताशी साठ-एक घनमीटरांसाठी केलेल्या तबकात नव्वद घातले जात होते. आणि पंप १०६ चा असून नव्वदच का? तर चार इंची पाइप. त्यातून ताशी ९० घनमीटर म्हणजे सेकंदाला तीन मीटर वेग. उरलेला सगळा दाब पाइपातल्या घर्षणातच संपत होता.

इथे भाऊंच्या उलट्या प्रश्नाचं उत्तर आहे. टॉवरला हवेचं तापमान कळत नाही, त्याला वेट बल्ब कळतो. वडोदऱ्यात मे महिन्यात ४२ अंश असले तरी हवा कोरडी असते आणि वेट बल्ब २४-२५ च्या घरात राहतो. जुलैत बाहेर ३२ असतात, आपल्याला बरं वाटतं, पण वेट बल्ब २७-२८ ला टेकलेला असतो. चाचणी झाली होती फेब्रुवारीत, तेव्हा तो १९ होता. त्या दिवशीच्या नोंदवहीत कूलिंग वॉटर ३०.५ लिहिलं आहे आणि मशीन पूर्ण ८० टन देत होतं. म्हणजे तोकडा टॉवर त्या दिवशीही तोकडाच होता, वडोदऱ्याच्या हवेने त्याला सांभाळून घेतलं. फेब्रुवारीत घेतलेल्या चाचणीच्या कागदावर मी सही करत नाही, आणि केलीच तर त्या दिवशीचा वेट बल्ब शेजारी लिहून करतो.

आता मूळ प्रश्न: ऐंशी टनाच्या व्हॅमला ऐंशी टनाचा टॉवर का पुरत नाही?

विजेच्या चिलरमध्ये २८० किलोवॅट गारव्यासाठी कॉम्प्रेसर साधारण ६२ किलोवॅट घेतो, सीओपी ४.५ धरला तर. टॉवरकडे जातात २८० अधिक ६२, म्हणजे ३४२. व्हॅममध्ये कॉम्प्रेसरच्या जागी उष्णता काम करते, आणि तेवढ्याच गारव्यासाठी ती लागते ४०० किलोवॅट. टॉवरकडे जातात ६८०. अगदी दुप्पट. गारव्याच्या प्रत्येक किलोवॅटमागे विजेचा चिलर टॉवरला सव्वा किलोवॅट देतो, सिंगल इफेक्ट व्हॅम जवळपास अडीच. सीओपी ०.७ म्हणजे काय, हे चिल्ड वॉटरच्या बाजूला नाही, गच्चीवर कळतं.

यात भाषेचीही एक मेख आहे. बाजारात टॉवरही 'टना'त विकला जातो, पण तो टन वेगळा. गारव्याचा टन म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. टॉवरवाला '८० टन' म्हणतो तेव्हा विजेच्या चिलरची कॉम्प्रेसरची उष्णता त्याने आधीच मिसळलेली असते, म्हणून त्याचा टन साधारण ३,७८० किलोकॅलरींचा असतो. कोणी याहून थोडा कमी, कोणी थोडा जास्त धरतो. ८० टनाचा टॉवर म्हणजे ताशी तीन लाख दोन हजार किलोकॅलरी, म्हणजे ३५२ किलोवॅट. आमच्या व्हॅमला हवे होते ६८०, म्हणजे ताशी पाच लाख पंच्याऐंशी हजार किलोकॅलरी. टॉवरवाल्याच्या भाषेत १५५ टन. कागदावर तिन्ही यंत्रांसमोर '८०' लिहिलेलं होतं आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होता.

टॉवर कमी पडला की व्हॅम दुहेरी मार खातं. एकच कूलिंग वॉटर आधी अ‍ॅबसॉर्बरमधून जातं, मग कंडेन्सरमधून. ते गरम असलं की अ‍ॅबसॉर्बरमधलं मिठाचं द्रावण गरम राहतं आणि पाण्याची वाफ कमी ओढतं. पुढे कंडेन्सरचा दाब चढतो, त्यामुळे जनरेटरमध्ये द्रावणातून पाणी सुटायला जास्त गरम पाणी लागतं. वाफेवरच्या मशीनमध्ये वाफ थोडी वाढवून हे झाकता येतं. आमच्याकडे गरम पाणी ९२ चं, त्यात मधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये दोनेक अंश जातात (इंजिनाचं कूलंट व्हॅममध्ये थेट सोडत नाहीत), म्हणजे जनरेटरला मिळतात ९०. ते वाढवायला जागाच नाही. म्हणून टाकाऊ उष्णतेवरचं मशीन कूलिंग वॉटरच्या बाबतीत जास्त नाजूक असतं. या मशीनच्या तक्त्यात ३२ च्या वर एकेका अंशामागे क्षमता साधारण पाच टक्क्यांनी घसरत होती, आणि आमचा प्रवाहही कमी होता.

भाऊंनी मधल्या काळात केलेला उपाय ऐकून मला हसू आलं, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. संध्याकाळी गारवा कमी पडला की ते स्टँडबायचा विजेचा चिलर मदतीला लावत. तो होता त्याच टॉवरवर! त्याची उष्णता आधीच बुडणाऱ्या टॉवरवर चढली की कूलिंग वॉटर आणखी तापायचं, व्हॅम आणखी पडायचं, आणि तासाभरात चिलरही हाय प्रेशरवर ट्रिप व्हायचा.

"म्हणजे मी मदतीला माणूस बोलावला आणि तोही त्याच खाटेवर येऊन बसला," भाऊ म्हणाले.

दुरुस्तीत तीन गोष्टी केल्या. पहिली फुकट होती. मोल्डला ७ अंशांचं पाणी कशासाठी, हे मी प्रॉडक्शनच्या माणसाला विचारलं. कारण कोणालाच माहीत नव्हतं. जुन्या चिलरचा सेटपॉइंट ७ होता म्हणून ७. उलट पावसाळ्यात मोल्डवर घाम धरतो आणि पार्टवर डाग पडतात, ही तक्रार त्यांच्या रजिस्टरमध्ये दर जुलैला होती. सेटपॉइंट १० केला, परतीचं १५. सायकल टाइममध्ये फरक पडला नाही आणि घाम कमी झाला. व्हॅमसाठी तर ही मोठी सवलत: बाष्पीभवनाचा दाब वाढतो, द्रावण तेवढं तीव्र करावं लागत नाही, कूलिंग वॉटर अंशभर गरम असलं तरी चालतं. उष्णता ४०० किलोवॅटच असल्यामुळे गारवा काही सव्वापट होत नाही, पण थोडी मोकळीक मिळते. हा प्रश्न खरेदीआधी विचारला गेला असता तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट टॉवर. पुरवठादाराला मी 'टन' हा शब्दच दिला नाही. लिहून दिलं: ताशी १०६ घनमीटर, ३७.५ वरून ३२, वेट बल्ब २८, ताशी ५,८५,००० किलोकॅलरी. दुसऱ्या एका पुरवठादाराचा आग्रह होता की ३१ अंश देणारा टॉवर घ्या, मशीन आणखी खूश राहील. पण वेट बल्बच्या जितकं जवळ जाल तितका टॉवर झपाट्याने फुगतो. ४ वरून ३ अंशांवर यायला आकार, पंखा, गच्चीवरचं वजन सगळंच वाढतं. चिल्ड वॉटर १० केल्यावर तो एक अंश विकत घेण्यात अर्थ नव्हता. नवा टॉवर फक्त व्हॅमला दिला. जुना टॉवर विजेच्या चिलरकडे परत गेला, म्हणजे गरज पडली तर दोन्ही मशीन एकमेकांच्या पायात न येता चालतील.

तिसरी गोष्ट पाइप, सहा इंची. वेग दीड मीटरच्या आसपास आला आणि त्याच पंपाने १०६ घनमीटर दिले.

मालकांचा प्रश्न सरळ होता: "हे सगळं धरून बचत उरते की नाही?" मूळ कोटेशनमध्ये बचत ५८ किलोवॅट दाखवली होती: कॉम्प्रेसरचे ६२, त्यातून व्हॅमच्या आतल्या छोट्या पंपांचे ४ वजा. हे अर्धंच चित्र. कूलिंग वॉटरचा पंप ५ वरून १२ किलोवॅटवर गेला, टॉवरचा पंखा साडेतीन-पावणेचार वरून साडेसात वर, आणि गरम पाण्याच्या नव्या पंपाचे ३. म्हणजे ४४ उरले. रेडिएटरचा पंखा आता थांबलेला असतो, त्याचे ७ परत जमा. एकूण ५१. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ८ रुपये धरले की जवळपास साडेचोवीस लाख.

यातून पाणी वजा करा. टॉवरकडे दुप्पट उष्णता म्हणजे दुप्पट बाष्पीभवन: ताशी ०.९ घनमीटर उडतं, आणि क्षार चारपटीपर्यंत चढू द्यायचे तर ०.३ ब्लोडाउनला सोडावं लागतं. ताशी बाराशे लिटर. विजेच्या चिलरला सहाशे पुरत. वर्षाला ३,६०० घनमीटर जास्तीचं पाणी, आणि मऊ करण्यासकट त्यांना घनमीटरला ६० रुपये पडतं, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आतबाहेर. त्यामुळे बचत उरतेच. कोटेशन चुकलं ते चालू खर्चात थोडं, आणि भांडवलात जास्त: टॉवर, पाइप आणि गच्चीवरचं बांधकाम त्यात नव्हतंच. पाणी टँकरने आणावं लागतं तिथे हे गणित वेगळं येईल. आणि उष्णता फुकट नसेल, म्हणजे बॉयलर त्यासाठीच पेटवायचा असेल, तर ०.७ सीओपीच्या मशीनचा विचारही करू नये.

पुढच्या जुलैत मी मुद्दाम गेलो. वेट बल्ब २७.८, कूलिंग वॉटर ३१.९, चिल्ड वॉटर १० वर स्थिर, मोजलेला गारवा २८४ किलोवॅट. रेडिएटरचा पंखा बंद.

पण मोठ्या टॉवरने एक नवं काम लावलं, ते थंडीतलं. वडोदऱ्यात जानेवारीच्या रात्री वेट बल्ब बाराच्या आसपास उतरतो. पूर्वी तोकड्या टॉवरमुळे कूलिंग वॉटर कधी फार गार व्हायचंच नाही. आता रात्री लोड उतरला की ते २० च्या खाली जाऊ लागलं. विजेच्या चिलरवरून आलेल्या माणसाला वाटतं, पाणी जितकं गार तितकं चांगलं. व्हॅममध्ये ते घातक असतं: अ‍ॅबसॉर्बरमधून निघणारं द्रावण फार गार झालं की ते हीट एक्स्चेंजरमध्ये समोरून येणाऱ्या तीव्र द्रावणाला गारठवतं, आणि लिथियम ब्रोमाइड तिथेच गोठून बसतं. मग मशीन थांबवून, तापवून, तासन् तास वाट पाहायची. म्हणून पंख्याला वेग बदलणारा व्हीएफडी लावला, कूलिंग वॉटर २६ च्या खाली गेलं की पंखा मंद होतो, आणि तरी उतरलं तर बायपास व्हॉल्व्ह टॉवर टाळून पाणी परत फिरवतो.

पहिल्या थंडीत रात्रपाळीच्या मुलाने 'पंखा अडकतोय' म्हणून व्हीएफडी हाताने पूर्ण वेगावर टाकला होता. भाऊंनी तो स्विच आता कुलपात ठेवलाय, आणि टॉवरच्या अंगावर टनाचा आकडा खोडून ऑइलपेंटने किलोकॅलरी लिहून घेतल्या आहेत.